डॉक्टरांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्यापूर्वी: रक्तदाबाच्या नोंदी, सुजेचे फोटो आणि औषधांच्या स्ट्रिप यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तदाबाची गोळी नियमित चालू आहे आणि गेल्या काही दिवसांत पायांवर सूज दिसू लागली आहे, अशा वेळी पुष्कळ जण आधी फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला घेतात. या तक्रारीत मोजलेले आकडे, फोटो आणि औषधांच्या स्ट्रिप या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकी एक जरी अपुरी असली तरी डॉक्टरांचा निष्कर्ष बदलू शकतो. म्हणून खालील उत्तरे याच एका तक्रारीभोवती लिहिली आहेत.

दवाखान्यात गेलो असतो तर डॉक्टरांनी केले असते, असे काय या सल्ल्यात राहून जाते?

पायांना सूज असलेला रुग्ण समोर असला, तर डॉक्टर नडगीच्या हाडावर आणि घोट्याजवळ अंगठ्याने दाबून खळगा पडतो का ते पाहतात, पोटरी दुखते का ते तपासतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि मानेवरील शिरा फुगलेल्या आहेत का याकडे लक्ष देतात. यांपैकी छातीची तपासणी दुरून होऊ शकत नाही. बाकीच्या बऱ्याच गोष्टी मात्र रुग्णाने किंवा घरातील कोणी नीट करून दाखवल्या, तर डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो. सगळी तयारी असूनही डॉक्टर कधीकधी “प्रत्यक्ष येऊन दाखवा” असे सांगतात. हा सल्ला वाया गेला असे समजू नये, कारण कोणाला, किती लवकर आणि कोणत्या तपासण्या करून यायचे हे त्याच संभाषणात ठरते.

नोंदी किती दिवस आधीपासून ठेवाव्यात?

वेळ ठरलेली असेल आणि घाईचे कारण नसेल, तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजावा आणि प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या दिवशी माणूस यंत्राला सरावलेला नसतो आणि आकडे थोडे वर जातात, त्यामुळे सरासरी काढताना त्या दिवसाच्या नोंदी वगळतात. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे डॉक्टरांना एकट्यादुकट्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक सांगतात. सल्ला उद्याच असेल तर आज संध्याकाळी आणि उद्या सकाळी मोजलेले आकडेही द्यावेत, परंतु ते दोनच वेळांचे आहेत हे स्पष्ट सांगावे.

रक्तदाब मोजताना नेमके काय सांभाळावे?

मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. बसताना पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट आणि पायावर पाय न टाकलेला, अशी बैठक असावी. हात टेबलावर किंवा उशीवर असा टेकवावा की दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला येईल, कारण हात खाली लोंबकळत असला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळणापासून साधारण दोन सेंटिमीटर वर बांधावा. बाही गुंडाळून वर सारल्यास ती दंडाला आवळते, म्हणून हात बाहीतून बाहेर काढलेला बरा. यंत्र चालू असताना बोलू नये आणि इतरांनीही रुग्णाशी बोलू नये.

पट्ट्याच्या मापाकडे बहुतेक घरांत कोणीच लक्ष देत नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी गफलत इथेच होते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा जास्त दिसतो, आणि त्यावर विसंबून औषध वाढवले जाऊ शकते. किती घेराच्या दंडासाठी तो पट्टा आहे हे पट्ट्यावरच छापलेले असते. दंडाच्या मध्यभागी मापाची फीत लावून घेर मोजावा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे.

सकाळचा रक्तदाब गोळी घेण्यापूर्वी मोजावा, म्हणजे आदल्या दिवसाच्या गोळीचा परिणाम चोवीस तास टिकतो का हे डॉक्टरांना कळते. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून ज्या दंडावर आकडा जास्त येतो तोच पुढे वापरावा.

उठल्यावर चक्कर येत असेल तर आणखी एक नोंद फार उपयोगी पडते. बसून मोजल्यानंतर पट्टा तसाच ठेवून उभे राहावे आणि एक मिनिटानंतर व तीन मिनिटांनंतर पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हे करताना शेजारी कोणीतरी असावे, धरायला आधार असावा आणि भोवळ येताच लगेच बसावे.

आकडे लिहायचे कसे? फक्त जास्त आलेले सांगितले तर चालेल का?

चालणार नाही. जास्त आलेलेच आकडे सांगितले तर डॉक्टरांपुढे खरा रक्तदाब येत नाही, आणि चांगले वाटणारेच आकडे सांगितले तरी तेच होते. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि गोळी घेण्यापूर्वी की नंतर, एवढे लिहावे. यंत्राच्या पडद्यावर SYS समोर वरचा, DIA समोर खालचा आणि PUL किंवा PULSE समोर नाडीचा आकडा असतो. घाईत नाडीचा आकडा खालचा रक्तदाब म्हणून लिहिला जातो, त्यामुळे लिहिल्यावर एकदा पडताळून पाहावे. “साधारण एकशे तीस” असा गोल आकडा न लिहिता पडद्यावर १२७ असेल तर १२७ लिहावे.

घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असली, तर ती सामान्यतः वाढलेली मानतात. तुमच्यासाठी योग्य आकडा मात्र वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार अशा गोष्टींवर ठरतो, म्हणून तो डॉक्टरांनाच विचारावा.

यंत्रच चुकीचे दाखवत असेल तर कसे ओळखावे?

एक मिनिटाच्या अंतराने घेतलेल्या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल, वारंवार Err असे दिसत असेल किंवा पट्टा फुगताना हवा सुटल्याचा आवाज येत असेल, तर आधी बॅटरी आणि नळीची जोडणी पाहावी. नाडी अनियमित असलेल्यांमध्ये स्वयंचलित यंत्राचे आकडे कमी भरवशाचे असतात. पुष्कळ यंत्रे अशा वेळी वेगळे चिन्ह दाखवतात. ते चिन्ह पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पडद्याचा फोटो काढून ठेवावा, कारण नाडीची अनियमितता हा स्वतंत्रपणे तपासण्याचा विषय आहे. पुढे दवाखान्यात जाल तेव्हा यंत्र बरोबर न्यावे आणि तिथल्या यंत्राशी ताडून घ्यावे. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावरचे यंत्र अधिक विश्वासार्ह असते. मनगटावरचेच असेल तर तसे सांगावे.

रक्तदाबाखेरीज काय मोजावे?

सुजेच्या तक्रारीत वजनाला महत्त्व आहे. सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, शरीरात पाणी साठत असते, आणि ते त्याच दिवशी कळवावे.

मधुमेह असेल तर साखरेच्या आकड्याबरोबर तो उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा हे लिहावे. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजतात. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र असेल तर नखांवरचा रंग काढून, हात गरम करून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून मगच नोंद करावी.

सुजेचा फोटो कसा काढावा म्हणजे डॉक्टरांना काही कळेल?

पहिला फोटो दोन्ही पायांचा, गुडघ्यापासून बोटांपर्यंत, एकाच चौकटीत हवा. सूज दोन्ही पायांवर सारखी आहे की एकाच पायावर आहे, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो आणि फक्त दुखऱ्या पायाचा जवळून काढलेला फोटो त्याचे उत्तर देत नाही. दुसरा फोटो घोट्याचा, साधारण वीत-दीड वीत अंतरावरून, एका बाजूने काढावा. तिसरा फोटो खळग्याचा: घोट्याच्या वर, हाडावर अंगठ्याने सुमारे दहा सेकंद दाबून ठेवावे, अंगठा काढताच फोटो घ्यावा आणि खळगा भरून यायला किती वेळ लागला तेही लिहावे. मोज्याचा वळ उमटत असेल तर त्याचाही फोटो चालेल.

उजेड खिडकीतून येणारा, दिवसाचा असावा. फ्लॅशमुळे त्वचा चकाकते आणि सूज सपाट दिसते. पिवळ्या दिव्याखाली लालसरपणा ओळखता येत नाही. फोनमधील त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. पायाखाली साधे, एकरंगी कापड असावे आणि मापासाठी शेजारी मोजपट्टी ठेवावी. सूज दिवसभरात बदलते, म्हणून एक संच सकाळी उठल्याबरोबर आणि एक संध्याकाळी काढावा. रात्री झोपून उठल्यावर सूज ओसरते की तशीच राहते हे या दोन फोटोंतून दिसते.

मोजपट्टीच्या फोटोपेक्षा मापाची फीत अधिक नेमके सांगते. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून ठरावीक अंतरावर दोन्ही पोटऱ्यांवर पेनाने खूण करून घेर मोजावा. रोज त्याच खुणेवर मोजले तरच तुलना होऊ शकते.

व्हिडिओवर पाय थेट दाखवता येत असताना फोटो कशासाठी?

व्हिडिओचे चित्र जोडणी मंद झाली की धूसर होते आणि रंग बदलतात, आणि संध्याकाळची सूज सकाळच्या भेटीत दाखवता येत नाही. फोटो भेटीच्या आधी, डॉक्टरांनी किंवा दवाखान्याने सांगितलेल्या ठिकाणीच पाठवावेत. संदेशांच्या ॲपमधून फोटो पाठवताना त्याचा दर्जा कमी होतो, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात पोहोचतो. स्ट्रिपवरील बारीक अक्षरांसाठी हे विशेष लक्षात ठेवावे. दहा-बारा सारखे फोटो पाठवण्याऐवजी स्पष्ट आलेले चार-पाच पाठवावेत आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि उजवा की डावा पाय हे लिहावे.

औषधांची यादी लिहिलेली असताना स्ट्रिप जवळ कशाला ठेवायच्या?

यादी आठवणीतून लिहिलेली असते, आणि आपण खरोखर कोणती गोळी घेत आहोत हे स्ट्रिपवर छापलेले असते. “सकाळची पांढरी गोळी” या वर्णनात शेकडो औषधे बसतात. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांतील विक्रीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये दिलेली असते, आणि डॉक्टरांना मुख्यतः याच दोन गोष्टी हव्या असतात. एकाच गोळीत दोन किंवा तीन औषधे असतील तर ती सर्व नावे तिथे असतात. नावाच्या शेवटी एसआर, एक्सएल, ईआर अशी अक्षरे असतील तर ती वगळू नयेत. ती गोळीतून औषध हळूहळू सुटते असे सांगतात, आणि त्यांच्यामुळे डोस बदलतो.

चकचकीत फॉइलवरचा उजेड परावर्तित होऊन अक्षरे पुसट दिसतात. स्ट्रिप थोडी तिरकी धरून किंवा सावलीत ठेवून फोटो काढावा आणि मोठा करून स्वतः वाचता येतो का ते पाहावे. गोळ्या नेहमी छापील नावाच्या विरुद्ध टोकाकडून काढाव्यात, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत नाव आणि मुदतीची तारीख शाबूत राहते. कापून दिलेल्या तुकड्यावर नाव नसेल तर तसे सांगावे, अंदाजाने नाव सांगू नये.

रोजच्या गोळ्यांबरोबर अधूनमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, आम्लपित्ताची औषधे, डोळ्यांतील थेंब, मलमे, जीवनसत्त्वे आणि वनौषधी हेही समोर ठेवावे. सुजेच्या आणि रक्तदाबाच्या तक्रारीत वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख हमखास राहून जातो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पातळ औषध असेल तर पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, आणि इन्सुलिन असेल तर प्रति मिलिलिटर ४० युनिट की १०० युनिट, हे लेबलावरून वाचून सांगावे.

शेवटी उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. किती आणल्या, कधी सुरू केल्या आणि किती उरल्या यावरून डोस चुकले का ते कळते. चुकले असतील तर तसे सांगावे. चुकलेले डोस लपवले तर डॉक्टर औषध अपुरे पडते असे समजून मात्रा वाढवतील.

ही सगळी तयारी प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, एखादे उदाहरण देता येईल का?

समजा, ६४ वर्षांच्या एका आजींना दोन्ही घोट्यांवर दहा दिवसांपासून सूज आहे आणि उठताना चक्कर येते. त्यांच्या सहा दिवसांच्या नोंदींची सरासरी सकाळी १२४/७६ आणि संध्याकाळी ११२/६८ आहे. संध्याकाळी बसून ११४/७० असलेला रक्तदाब उभे राहिल्यावर एक मिनिटाने ९२/६० आला. फोटोत सूज दोन्ही पायांवर सारखी आहे, संध्याकाळी खळगा पडतो, सकाळी जवळजवळ नाही. वजन स्थिर आहे, धाप लागत नाही, आडवे झोपता येते.

घरातल्या यादीत “बीपीच्या दोन गोळ्या” एवढेच लिहिलेले होते. स्ट्रिप समोर आल्यावर एका गोळीत ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आढळले. दुसऱ्या, निराळ्या विक्रीनावाच्या गोळीत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि पुन्हा ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम होते. नवी जोडगोळी लिहून दिली तेव्हा जुनी बंद करायची होती, परंतु त्या दोन्ही घेत राहिल्या. नव्या ३० गोळ्यांपैकी सहा उरल्या होत्या, म्हणजे ती २४ दिवस न चुकता चालू होती, आणि सूज तिच्या सुरुवातीनंतर दोन आठवड्यांनी आली. ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांवर सूज येऊ शकते आणि मात्रा वाढली की तिची शक्यता वाढते. तिसरी स्ट्रिप आयबुप्रोफेनची होती, गुडघ्यांसाठी “कधीतरी” घेतलेली.

डॉक्टरांनी जुनी ॲम्लोडिपिनची गोळी बंद करायला सांगितली, आयबुप्रोफेन टाळायला सांगितले, क्रिएटिनिन व पोटॅशियमची रक्ततपासणी आणि लघवीची तपासणी लिहून दिली, आणि दोन आठवडे नोंदी चालू ठेवून पुन्हा बोलायला सांगितले. स्ट्रिप न पाहता सूज उतरवण्यासाठी लघवीची गोळी दिली गेली असती, तर आधीच उतरलेला रक्तदाब आणखी उतरला असता.

मग स्ट्रिप पाहून अशी पुनरावृत्ती आपल्यालाच दिसली तर एक गोळी लगेच बंद करावी का?

स्वतःच्या निर्णयाने बंद करू नये. काही वेळा एकाच औषधाची विभागलेली मात्रा मुद्दाम दिलेली असते, आणि बीटा-ब्लॉकर प्रकारातील गोळ्या एकाएकी थांबवल्यास रक्तदाब व नाडी वेगाने वाढू शकते. ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दोन्ही स्ट्रिपचे फोटो पाठवून विचारावे.

चित्र नसेल, फक्त फोनवर बोलायचे असेल तर काय वेगळे करावे?

सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांत वय, मुख्य तक्रार, ती कधीपासून आहे आणि काय बदलले हे सांगावे. उदाहरणार्थ: “वय ६४, दोन्ही घोट्यांवर दहा दिवसांपासून सूज, संध्याकाळी जास्त, चोवीस दिवसांपूर्वी रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली.” औषधाचे नाव स्ट्रिपवरून एकेक अक्षर वाचून सांगावे, कारण अनेक औषधांची नावे ऐकायला सारखी वाटतात. पूर्वीच्या एखाद्या औषधाने पुरळ किंवा त्रास झाला असेल तर तोही न विचारता सांगावा.

रुग्णाऐवजी घरातील दुसऱ्याने बोलले तर चालते का?

रुग्णाची संमती असेल तर चालते, परंतु रुग्ण शेजारी असावा. रुग्ण सलग बोलू शकतो की दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबतो, हे डॉक्टर आवाजावरूनही ओळखतात.

कोणत्या लक्षणांत ठरलेल्या वेळेची वाट पाहू नये?

छातीत दुखणे, बसल्या जागी किंवा आडवे झाल्यावर धाप लागणे, शुद्ध हरपणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही असेल तर फोटो आणि नोंदी बाजूला ठेवून तातडीच्या सेवेला बोलवावे. एकाच पायावर अचानक सूज आली, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी हवी. रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून अधिक आला तर शांत बसून काही मिनिटांनी पुन्हा मोजावा. तो तेवढाच राहिला आणि वरीलपैकी एखादे लक्षण असेल, किंवा अंधारी येऊन दृष्टी धूसर झाली असेल, तर ती आणीबाणी समजावी. लक्षण नसेल तरी डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे.

सल्ला संपण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?

कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती बंद करायची, कोणती कधी घ्यायची हे लिहून घेऊन डॉक्टरांना वाचून दाखवावे. ते करताना हातात तीच स्ट्रिप धरावी. सूज किती दिवसांत उतरायला हवी, रक्तदाब कोणत्या आकड्याच्या वर किंवा खाली गेल्यास कळवायचे आणि तपासणीचा अहवाल कुठे पाठवायचा हे विचारावे. लेखी चिठ्ठी आल्यावर त्यातील मूळ नाव आणि मिलिग्रॅम स्ट्रिपशी जुळवून पाहावेत. बंद केलेल्या औषधाची स्ट्रिप रोजच्या डब्यातून लगेच काढावी, तिच्यावर पेनाने “बंद” असे लिहून तारीख घालावी आणि पुढच्या भेटीपर्यंत वेगळ्या पाकिटात ठेवावी.